चौदाऐवजी एकेचाळीस

आमंत्रणपत्रिकेचा मजकूर जुळवायला ताईंना आठवडा लागला, आणि पोपटाच्या मते त्यात आठवडा लागण्यासारखं काहीही नव्हतं. पोपट म्हणजे त्यांचा विक्रीचा माणूस. त्याचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळीकडे तो पोपटच, कारण समोर गिऱ्हाईक असो वा भिंत, त्याचं तोंड सारखंच चालायचं.

"ताई, लोक कार्ड वाचत नाहीत, बघतात," तो म्हणाला. "वर मोठं लिहा, भव्य सवलत. खाली लकी ड्रॉ. झालं."

"सवलत किती देणार आपण?"

"ते आल्यावर बघू की."

"मग भव्य कशावरून?"

पोपटाने कपाळावर हात मारला आणि चहा सांगायला गेला.

ताईंच्या कारखान्यात प्रयोगशाळांसाठी, औषधवाल्यांसाठी आणि सोनारांसाठी नाजूक तराजू बनत. त्या स्वतः रसायनशास्त्र शिकलेल्या. बोलणं कमी, आणि जे बोलायच्या ते तोलून. धंदा तराजूचा असल्यामुळे या गोष्टीवर विनोद व्हायचा, तो त्यांनी इतक्यांदा ऐकला होता की आता त्या आधीच हसून मोकळ्या व्हायच्या.

शेवटी कार्ड छापलं ते असं:

"हॉल क्रमांक दोन, स्टॉल क्रमांक चौदा, पश्चिमेच्या दरवाजाजवळ. प्रात्यक्षिक रोज सकाळी साडेअकरा व दुपारी तीन: तुमच्या नावाचं वजन किती, ते पाहा. स्टॉलवर येणाऱ्यांसाठीच: आपल्याकडचं एक वजन सोबत आणा, आमच्या प्रमाण वजनाशी विनामूल्य ताडून देऊ. ही सोय फक्त स्टॉलवर आणि प्रदर्शनाच्या तीन दिवसांतच."

"प्रदर्शन दहाला उघडतं, मग पहिलं प्रात्यक्षिक साडेअकराला का?" पोपटाने विचारलं.

"रात्री हॉलची वीज बंद करतात. सकाळी चालू झाली की तराजू तापून स्थिर व्हायला वेळ लागतो. घाईत आकडा दाखवला तर तो आपल्यालाच खोटं पाडेल."

"बरं, आणि वजनच का आणायचं? तराजू आणा म्हणू. लोकांचे जुने तराजू बघितले की नवीन खपवता येतात."

"तराजू जिथे वापरायचा तिथेच तपासायचा असतो. इथे बरोबर करून दिला आणि त्यांनी तो गाडीत घालून हादरवत नेला, की आपलं काम वाया. वजन कुठेही न्या, वजनच राहतं."

हे सगळं खरं होतं. पण वजनच का, याचं दुसरंही एक कारण होतं, आणि ते त्यांनी पोपटाला सांगितलं नाही.

वडिलांच्या वेळची पितळी वजनांची पेटी दादाकडे होती. दादा म्हणजे ताईंचा थोरला भाऊ. वडील होते तोवर दोघं एकाच कारखान्यात होती. तो दोन पारड्यांचे जुन्या पद्धतीचे तराजू जुळवायचा, त्या विजेवरचे नवे. वडील गेले आणि वर्षभरात ताईंनी हिशेब मांडून दाखवला की दोन पारड्यांना आता मागणी नाही, ते टेबल बंद करू. हिशेबात चूक नव्हती. दादा म्हणाला, "ठीक आहे, पेटी तेवढी मी नेतो." ती घेऊन तो शेजारच्या गावी गेला आणि दुरुस्तीचं दुकान टाकून बसला. भांडण झालं नाही, हेच वाईट झालं. भांडलेली माणसं पुन्हा भांडायला तरी भेटतात. ही दोघं लग्नाकार्यात समोर आली की एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करायची आणि आपापल्या पंगतीत जाऊन बसायची.

ताईंना फोन करता आला असता. पण फोनवर काय बोलायचं, याचा मसुदाच जमत नव्हता. "ये" म्हणावं, तर "कशाला" असा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे एका वाक्यात नव्हतं. कार्डाचं बरं होतं. कार्ड सगळ्यांनाच जातं. आला तर आला, नाही आला तर धंद्याची गोष्ट म्हणून सोडून देता येतं. आणि दादाला एक वजन घेऊन स्टॉलवर यायला कुठे कमीपणा वाटला असता? सोयच तशी होती. बाकीच्या पाकिटांवर पत्त्याच्या छापील पट्ट्या डकवल्या होत्या. दादाच्या पाकिटावर ताईंनी पत्ता हाताने लिहिला. तेवढाच काय तो फरक, आणि तो त्याच्या लक्षात येईल असं त्यांनी धरून ठेवलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी स्टॉल लावायला गेल्या, तर चौदा नंबर अगदी दरवाजाच्या तोंडावर. नकाशात तो सोयीचा दिसला होता. प्रत्यक्षात दरवाजा उघडा, सामानाच्या ढकलगाड्या धडधडत आत येतायत, वरून वातानुकूलनाचा झोत थेट टेबलावर. ताईंनी तराजू मांडला, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणून तो समतल केला, काचेची दारं लावून घेतली. पण आकड्यातले शेवटचे दोन अंक थांबायलाच तयार नव्हते. गाडी गेली की उड्या, झोत आला की उड्या.

"बेडूक तोलायला घेतल्यासारखं झालंय," पोपट म्हणाला. "ताई, कोणाला दिसतायत शेवटचे अंक? लांबून सगळं छानच दिसतं."

"मला दिसतायत."

मग त्या आयोजकांच्या कचेरीत जाऊन बसल्या. तिथला गृहस्थ सकाळपासून सगळ्या जगाच्या तक्रारी ऐकून पार आंबून गेला होता. त्याने नकाशावर पेन्सिल फिरवली. पार मागच्या भिंतीशी एकेचाळीस नंबर होता, कोपऱ्यात, झोतापासून लांब. तो फरशी धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका बाईंना मिळाला होता आणि त्या कोपरा मिळाला म्हणून कालपासून नाराज होत्या. अदलाबदल म्हटल्यावर बाई इतक्या खूश झाल्या की ताईंचं टेबल उचलायला स्वतः आल्या.

"मला काय, जितकी धूळ जास्त तितकं माझं यंत्र उठून दिसतं," त्या म्हणाल्या.

"अदलाबदल केलीत, पण कॅटलॉग छापून झालाय," आयोजक म्हणाला. "त्यात चौदाच राहील. पाहुण्यांना तुमचं तुम्ही कळवा. आणि दुसऱ्याच्या स्टॉलवर कागद चिकटवायचे नाहीत, आमची माणसं काढून टाकतात."

संध्याकाळी भिंतीशी लावलेल्या तराजूवर आकडा एकदाचा थांबला. ताईंनी बदलाचा निरोप लिहिला: जागा बदलली आहे, चौदाऐवजी एकेचाळीस, मागची भिंत, वेळा त्याच, सोय तीच. पोपट फोन हातात घेऊन तयार होता.

"कार्ड गेलेल्या सगळ्यांना एकदम टाकतो."

"थांब," ताई म्हणाल्या आणि नावं वरून खाली पाहू लागल्या. दादाचा नंबर आला तिथे त्यांचं बोट थांबलं. कार्डाला त्याचं काही उत्तर आलं नव्हतं. उत्तर मागितलंही नव्हतं म्हणा. पण आता आपणहून पुन्हा निरोप धाडायचा म्हणजे, त्यांच्या मनात आलं, एकदा बोलावलं ते बोलावणं आणि दुसऱ्यांदा बोलावलं की विनवणी. यायचा असेल तर एकेचाळीस शोधणं त्याला जड नाही. चौकशीच्या टेबलावर सांगतील, यंत्रवाल्या बाई सांगतील.

"हा एक नंबर वगळ," त्या म्हणाल्या.

पोपटाने नंबर पाहिला, ताईंकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच वाद न घालता तो वगळला.

पहिले दोन दिवस चांगले गेले. नावाच्या वजनाला लोक लोटले. ताई चिमट्याने कागदाचा तुकडा पारड्यावर ठेवायच्या, काच लावायच्या, आकडा थांबला की तो शून्यावर आणायच्या. मग तोच कागद पाहुण्यासमोर ठेवून पेन्सिलीने नाव लिहायला सांगायच्या आणि पुन्हा पारड्यावर ठेवायच्या. मिलिग्रॅमचा जेमतेम पाव-अर्धा भाग उमटायचा, आणि लोक स्वतःच्या नावाकडे अशा काही नजरेने बघायचे की जणू ते आजच मिळालं.

"शाईने का नाही?" कोणीतरी विचारायचं.

"शाई वाळताना हलकी होत जाते. आकडा खाली सरकत राहतो."

"म्हणजे नाव उडून जातं म्हणा की."

"पाणी उडून जातं," ताई सांगायच्या.

"आणि कागदाला हात लावायचा नाही हं," पोपट मधेच घुसायचा. "बोटाचा घाम तुमच्या नावापेक्षा जड असतो. साहेब, तुम्ही तर नुकते भजी खाऊन आलात, तुमचं तर विचारूच नका."

वजनंही पुष्कळ आली. कोणी खिशात रुमालात बांधून आणलं, कोणी डबीत. ताई प्रत्येक वजन आधी टेबलावर थोडा वेळ स्वस्थ ठेवायच्या, मग एकदा आपलं प्रमाण वजन, एकदा पाहुण्याचं, पुन्हा आपलं, अशी आलटून पालटून तोलायच्या आणि फरक चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. जुनी पितळी वजनं हाताळून हाताळून झिजलेली असत. एखादं हलकं निघालं की माणसाचा चेहरा पडायचा. ताई म्हणायच्या, "खूप वापरलंत, इतकंच." असं त्या एरवी बोलत नसत. पोपटाने हे टिपून ठेवलं.

दोन्ही दिवस तीन वाजता त्यांची मान गल्लीच्या तोंडाकडे वळत राहिली.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, तीनच्या प्रात्यक्षिकाला चांगली गर्दी जमली होती. ताईंनी सुरू करायला पाच मिनिटं उशीर केला. पोपटाने घड्याळ त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा "तराजू अजून थोडा स्थिर होऊ दे," असं म्हणाल्या. तराजू सकाळपासून दगडासारखा स्थिर होता.

एका कॉलेजातल्या मुलीचं नाव पारड्यावर होतं तेव्हा गर्दीतून वाट काढत एक जुने केमिस्ट आले. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक, जाड भिंगांचा चष्मा, आवाज दुकानाच्या पार शेवटच्या फळीपर्यंत पोचणारा.

"उशीर झाला, माफ करा. वाटेत तुमचे बंधू भेटले ना."

ताईंच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कुठे?"

"तिकडे दरवाजाशी. चौदाच्या समोर उभे. हातात पेटी होती, तुमच्या वडिलांची ती. मी म्हटलं, अहो, इथे काय करताय, स्टॉल तर मागे गेला. ते म्हणाले, असं का? म्हटलं, म्हणजे काय, तुम्हाला निरोप नाही आला? आम्हा सगळ्यांना आला की. त्या आपल्या पलीकडच्या वाण्याला, त्या सोनाराला, सगळ्या गावाला आला." केमिस्ट हसले. "म्हटलं, घरच्यांनाच विसरली वाटतं तुमची बहीण."

"मग?"

"म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आले नाहीत का अजून?"

मुलगी म्हणाली, "मॅडम, माझं किती भरलं?"

ताईंनी आकडा वाचला. चुकीचा वाचला असता तरी कोणाला कळलं नसतं, पण बरोबरच वाचला. मग चिमटा पोपटाच्या हातात दिला आणि गर्दीच्या बाजूने निघाल्या. त्या पळाल्या नाहीत. पळायला हवं होतं, हे त्यांना नंतर बराच काळ वाटत राहिलं.

चौदा नंबरवर यंत्रवाल्या बाई चौकोनी फरशीवर मुद्दाम सांडलेला चिखल पुसून दाखवत होत्या. पश्चिमेचा दरवाजा सताड उघडा होता. हातात पेटी घेतलेलं कोणी इथे उभं होतं का, ताईंनी विचारलं.

"पेटीवाले ना?" बाई म्हणाल्या. "होते की. बराच वेळ होते. त्या चष्मेवाल्यांशी बोलले, मग ते गेल्यावर एकटेच उभे राहिले. मला वाटलं, वाट चुकलेत. म्हटलं, दादा, तराजूवाल्या ताई मागच्या भिंतीशी, सरळ जा. तर म्हणाले, माहीत आहे."

"मग गेले कुठे?"

"मग माझं यंत्र बघत बसले. ब्रश किती दिवस टिकतो म्हणून विचारलं. नीट विचारलं हो, उगाच वेळ घालवायला विचारतात तसं नाही. म्हणाले, केस एका बाजूने जास्त झिजतायत, ब्रश धरणारा खिळा तिरका बसलाय. बघितलं तर खरंच होता." बाईंनी ब्रश उलटा करून दाखवला. "आणि मग त्या दारातून बाहेर पडले. तुमचे कोण?"

"भाऊ."

बाईंनी यंत्र बंद केलं. एवढ्या गोंगाटात ते बंद झाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ताई बाहेर जाऊन आल्या. गाड्यांच्या रांगा, ऊन, तिकिटाची खिडकी. रिक्षावाल्यांना विचारलं, पेटीवाली माणसं त्यांनी दिवसभर पाहिली होती, प्रदर्शनातून दुसरं काय निघणार. दादाचा फोन वाजत राहिला आणि आपोआप बंद झाला.

हॉलमध्ये परत येताना त्या चौदावरून एकेचाळीसपर्यंत चालत आल्या. अंतर काहीच नव्हतं. मधे पंप होते, रंग होते, पॅकिंगची यंत्रं होती, आणि कोपऱ्यावर वळलं की त्यांचा फलक लांबून दिसत होता. दादाला तो दिसला नसेल असं मानायला जागा नव्हती. त्याला स्टॉल सापडला नाही, असं झालंच नव्हतं. सगळ्यांना कळवून आपल्यालाच वगळलं, एवढं मात्र त्याला सापडलं होतं. आणि तो अर्थ त्याने ओढूनताणून काढलेला नव्हता. नावांवरून बोट फिरवून त्यांनी स्वतःच तो ठेवला होता.

संध्याकाळी फलक उतरवला, प्रमाण वजनं त्यांच्या डब्यात गेली, तराजूला खोकं चढलं. पोपट गाडी आणायला गेला. जाताना म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी नंबर वगळायला नको होता."

"मी सांगितलं म्हणून वगळलास."

"एरवी मी तुमचं कुठे ऐकतो," पोपट म्हणाला.

ताईंनी खुर्चीवर बसून दादाच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"अगं बाई, तुम्ही? झाली का भेट?" वहिनींचा आवाज उजळला. "लवकर जेवून निघाले होते. नवा शर्ट घातलाय, बघितलात ना? कार्ड आलं तेव्हापासून पेटी पुसणं चाललं होतं. मी म्हटलं, एकच वजन न्यायचंय, लिहिलंय तसं. तर म्हणाले, पेटी बघून तिला बरं वाटेल."

"वहिनी, भेट नाही झाली."

"का? तुम्ही नव्हतात का?"

"होते. जागा बदलली होती. कळवायचं मी—" पुढचा शब्द त्यांना सापडेना. राहिलं म्हणावं तर ते खोटं होतं. "कळवलं नाही."

"आत्ताच आलेत," वहिनी हळू म्हणाल्या. "चपला काढतायत. देते. एक सांगू? मेसेज आणि कार्ड राहू दे आता. जे काय आहे ते तोंडाने बोला."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला.

"बोल," दादा म्हणाला.

"दादा, तू आला होतास."

"हो, चक्कर मारली. बरं आहे प्रदर्शन. गर्दी चांगली होती."

"एकेचाळीसपर्यंत का नाही आलास?"

"तुझ्याकडे प्रात्यक्षिक चालू असेल, म्हटलं, मधे नको." त्याच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तो सभ्य आवाज होता, आणि ताईंना तो ओळखीचा होता, कारण त्या स्वतः त्याच आवाजात दिवसभर बोलल्या होत्या.

"बदलाचा निरोप मी तुला मुद्दाम पाठवला नाही," त्या म्हणाल्या.

"ते कळलं."

"तसं नाही. मुद्दाम म्हणजे, मला वाटलं, पुन्हा पाठवलं तर तुला वाटेल की..." वाक्य कुठे न्यायचं ते त्यांना ठाऊक होतं. मला तू यायला हवा होतास. एवढंच होतं ते. त्याच्या आसपास त्या फिरत राहिल्या. मागणी कशी आहे, झोत कसा होता, शेवटचे अंक कसे थांबत नव्हते, आयोजकाने काय सांगितलं. दादा ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, "झोताखाली तराजू ठेवायचाच नाही. बरं केलंस हलवला ते."

"वजनं मी तुझ्याकडे येऊन तपासून देते," ताई म्हणाल्या. "सगळी पेटी."

"कार्डावर तर होतं, फक्त स्टॉलवर."

तो चेष्टा करत होता की नव्हता, ते त्यांना कळेना. लहानपणी कळायचं. चेहरा दिसत असता तर आत्ताही कळलं असतं.

"ते बाकीच्यांसाठी होतं," त्या म्हणाल्या.

"मग माझ्यासाठी वेगळं लिहायचं होतंस." पलीकडे कुठेतरी वहिनींनी पेला ठेवला. "राहू दे. दमली असशील. सामान आवरायचं असेल. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी नसतं," ताई म्हणाल्या. "दर दोन वर्षांनी असतं."

बोलून झाल्यावर त्यांना आपले शब्द ऐकू आले. काही अधिक घालावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण त्याआधी दादाच बोलला.

"बरं," तो म्हणाला. "मग दोन वर्षांनी."

पोपटाने दरवाजाशी गाडी लावून हॉर्न वाजवला. हॉलचे दिवे मागच्या भिंतीकडून एकेक करून मालवायला लागले होते. ताईंनी तराजूचं खोकं उचललं, दोन्ही हातांनी, आडवं न होऊ देता, आणि मधली सगळी गल्ली चालत त्या पश्चिमेच्या दरवाजाकडे निघाल्या.